लाभुबेन आणि काचेचं पाणी

लाभुफोईच्या टेबलावर एक पाटी आहे. गुजरातीत लिहिलेली, तिच्याच अक्षरात: ‘फोन साफ करून मिळेल. घाई असेल तर उद्या या.’

नवा माणूस पाटी वाचून हसतो. मग त्याला खरंच थांबावं लागतं, तेव्हा हसणं बंद होतं.

लाभुबेन कथीरिया ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण, म्हणून माझी फोई. सुरतेत वराछाच्या हिरेबाजारात आमची इमारत आहे. आमची म्हणजे तिच्यात दुसऱ्या मजल्यावर मी फोनचे सुटे भाग विकते, आणि खाली जिन्याच्या बगलेत फोईचं टेबल आहे. वर सगळी हिऱ्यांची ऑफिसं. समोर रस्त्यावर दलाल उभे असतात, खिशात कागदाच्या पुड्या, पुड्यांत हिरे. इथं माणूस माणसाला भर रस्त्यात लाखाचा माल दाखवतो आणि पावती मागत नाही.

फोईने एकोणीस वर्षं हिरे घासले. फिरत्या लोखंडी चकतीवर हिऱ्याची भुकटी आणि तेल लावायचं आणि त्यावर हिरा धरायचा. तेलाने बोटं कायम काळी. मंदीत कारखाना बंद पडला, तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती. सगळ्यांनी तिला पापड लाटायला सांगितलं. ती माझ्या दुकानात येऊन बसली आणि आठवडाभर नुसती बघत राहिली.

आठव्या दिवशी म्हणाली, “कृपाली, तुझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा फोनांना काही झालेलंच नसतं. ते घाण असतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे आमच्या लोकांच्या हातावर तेल आणि भुकटी. तोच हात फोनला. तोच फोन खिशात. चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस, त्यावर तेल, त्यावर भुकटी. केक झालाय आत. आणि काच? काचेवर हिऱ्याची भुकटी ठेवून ही माणसं शर्टाने पुसतात. घासतात! कारखान्यात घासून पोट भरलं नाही म्हणून.”

मी पदविका केली आहे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. पण हे मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी तिला मला येत होतं ते सगळं शिकवलं आणि तिने त्याचं स्वतःचं शास्त्र केलं. फोन आधी बंद करायचा, वायर काढायची. मग कापड नाही, आधी रबरी फुगा दाबून हवा मारायची, म्हणजे कण उडून जातो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी जाते. मग मऊ बारीक धाग्याचं कापड, आठ घड्या घातलेलं, अजिबात न दाबता. एक घडी एकदाच. वापरलेली बाजू आत, नवी बाजू बाहेर. डाग राहिलाच तर शुद्ध पाण्याने कापड जेमतेम ओलं. तरीही हटला नाही तर पातळ केलेलं स्पिरिट, तेही कापडावर, काचेवर कधीच नाही. भोकासाठी तिने बांबूच्या काड्या तासून चपट्या केल्या. सुई तिच्या टेबलावर दिसणार नाही. “आत सोन्याच्या पिना आहेत,” ती सांगते, “सुईने सोनं खरवडायला आपण काय चोर आहोत?”

काचेवर कारखान्यातून एक थर येतो. केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याइतका पातळ. त्याच्यामुळे बोटाचं तेल काचेला धरत नाही, पुसलं की निघतं. मी तिला त्याचं रासायनिक नाव सांगितलं होतं. तिने ते एकदा ऐकलं आणि टाकून दिलं. ती त्याला ‘पाणी’ म्हणते. हिऱ्याला पाणी असतं, तसं काचेलाही असतं. “या फोनचं पाणी उतरलं,” असं ती म्हणाली की गिऱ्हाईक एकदम गंभीर होतं. हिऱ्याच्या माणसाला हा शब्द लागतो.

आता त्या मंगळवारबद्दल.

सकाळी दहाच्या सुमारास नागजीभाई दलाल जिन्यापाशी आले ते ओरडतच. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, वरच्या खिशात चिमटा आणि भिंग. तीस वर्षं बाजारात आहेत. त्यांच्या शब्दावर शेठ लोक पुडी देतात. आदल्या दिवशी त्यांनी फोईकडून फोन पुसून नेला होता.

“बेन! हे काय करून ठेवलंस तू माझ्या फोनचं?”

फोईने हातातला फोन खाली ठेवला. “सकाळी सकाळी जय श्रीकृष्ण तरी म्हणा, नागजीभाई.”

“कसलं जय श्रीकृष्ण! हे बघ. मधोमध धुकं. काल माझा फोन चकचकीत होता, आज उन्हात धरला तर दुधासारखा दिसतो. आणि चार्जिंगही होत नाही. काय लावलंस, ॲसिड?”

“पाणी लावलं. तेही काडीभर.”

“खोटं! ॲसिडच लावलंस. कारखान्यात हिरे ॲसिडने धुतात, तीच सवय.”

आजूबाजूला माणसं जमली. बाजारात भांडण म्हणजे फुकटचा चहा, सगळे थांबतात. फोईने फोन हातात घेतला, तिरका करून पाहिला, आणि शांतपणे म्हणाली, “धुकं आहे खरं.”

मी वरून धावत आले होते. मला वाटलं, ही मान्य का करतेय?

“बघा, कबूल!” नागजीभाई म्हणाले. “अमरशीभाईंना सांगतो. जिन्याखाली कोणालाही बसवायचं, आणि मग लोकांचे फोन जाळायचे.”

अमरशीभाई म्हणजे इमारतीच्या मंडळाचे सचिव. जिन्याखालची जागा त्यांच्या तोंडी परवानगीवर होती. कागद नव्हता. या बाजारात कागद नसतोच, नाव असतं. आणि नागजीभाईंसारख्या माणसाने नाव घालवलं, तर परत मिळत नाही. अर्ध्या तासात अमरशीभाई खाली आले, टेबलाकडे न बघता बोलले.

“लाभुबेन, चार वाजता मंडळ बसतंय. नागजीभाईंची तक्रार आहे. तोपर्यंत काही सांगायचं असेल तर सांगून घ्या. नाहीतर टेबल उचला. माझा इलाज नाही.”

“चारपर्यंत कशाला?” फोई म्हणाली. “आत्ता सांगते. तुम्ही पण बसा. नागजीभाई, तुम्ही पण. फोन माझ्या हातात द्यायचा नाही, तुमच्याच हातात ठेवा. मी फक्त बोलेन.”

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन सांगायला लागले, की काचेवरच्या थराचे रेणू असे असतात, तेलाचे असे, त्यांच्यातलं आकर्षण... दोन वाक्यांत मागून कोणीतरी म्हणालं, “प्रोफेसर आल्या!” सगळे हसले.

फोईने मला मागे ओढलं. “गप, बेटा. यांना हिऱ्यातलं सांगावं लागतं.”

मग तिने गर्दीला विचारलं, “हिऱ्याला बोट लावलं की काय होतं?”

“झाकोळतो,” तीन-चार जण एकदम म्हणाले. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“का?”

“तेल धरतो.”

“बरोबर. पाणी झटकतो आणि तेल धरतो, ही हिऱ्याची जात. म्हणून तर खाणीत ग्रीस फासलेल्या पाटावरून माल सोडतात, दगड वाहून जातात आणि हिरा चिकटतो. फोनची काच उलटी बनवलीय. तिच्यावर पाणी चढवलंय, ते तेल धरत नाही. ते पाणी जिथं उतरतं तिथं काच तेल धरायला लागते. कळलं? आता बघू पाणी कुठं उतरलंय.”

तिने प्लास्टिकचा ड्रॉपर घेतला. “नागजीभाई, फोन बंद करा. आडवा धरा. वर कॅमेऱ्याजवळ एक थेंब टाकते, भोकं लांब आहेत, घाबरू नका.”

थेंब पडला आणि मण्यासारखा गोल उभा राहिला. नागजीभाईंनी हात जरा हलवला तसा तो घरंगळत कापडावर गेला. मागे काही राहिलं नाही.

“इथं पाणी आहे,” फोई म्हणाली. “आता मध्ये.”

मधला थेंब पडला तो पसरलाच. चपटा, वेडावाकडा, तिथंच. अमरशीभाई पुढे वाकले.

तिने चार थेंब टाकले, एकेक पुसत. मधोमध तळहाताच्या खोलगट भागाएवढं एक गोल होतं, तिथं थेंब बसत होता. खाली उजव्या बाजूला अंगठ्याची जागा होती, तिथंही. बाकी सगळीकडे मणी.

“मी स्पिरिट किंवा ॲसिड फिरवलं असतं,” ती म्हणाली, “तर अख्ख्या काचेचं पाणी गेलं असतं. मी काय मध्येच एक गोल काढून पुसते? अंगठ्याचं समजतं, तुमचा अंगठा दिवसभर तिथंच नाचतो. पण हे गोल कशाचं?”

“तू तिथं जास्त घासलंस!” नागजीभाई म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

“चला, घासलं. मग ओरखडे?” फोईने टेबलाच्या खणातून आपलं जुनं दहापटीचं भिंग काढलं. कारखान्यात एकोणीस वर्षं वापरलेलं. ते तिने अमरशीभाईंना दिलं. “तुम्ही बघा. मी बघितलं तर म्हणतील हिनेच बघितलं.”

अमरशीभाई स्वतः हिऱ्यातलेच. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, फोन उजेडात तिरका केला.

“ओरखडे आहेत,” शेवटी म्हणाले. “बारीक, आखूड. गोल गोल वळलेले. गोलाच्या आतच. बाहेर जवळपास नाहीत.”

“कापडाने पडतात?”

“कापडाने कसे पडतील.”

“वाळूने पडतात,” गर्दीतून एक जण म्हणाला.

“पडतात ना,” फोई म्हणाली. “खिशात वाळू असली तर पडतात. पण मग ते लांब असतात, सगळीकडे असतात. वाळू काय गोल आखून बसते?” लोक हसले. “आणि काल पुसण्याआधी चकचकीत का होता ते पण सांगते. या ओरखड्यांत तुमच्या बोटाचं तेल भरलं होतं, नागजीभाई. तेल भरलं की ओरखडा लपतो, आपला कच्चा माल तेलात बुडवून बघितला की वरचा खडबडीतपणा दिसत नाही, तसंच. मी तेल काढलं, ओरखडा दिसला. मी धुकं लावलं नाही. मी पडदा काढला.”

नागजीभाई एकदम उसळले. “म्हणजे तुला काय म्हणायचंय? सरळ बोल!”

“मी कुठं काही म्हणतेय? मी एक विचारते. तुमच्याकडे एवढा महागाचा फोन. वर संरक्षक काच का नाही लावत? मी काल पण विचारलं.”

“ती काच लावली की रंग बिघडतो. पिवळट दिसतो.”

“काय पिवळट दिसतं?”

नागजीभाईंचं तोंड उघडं राहिलं.

आणि मग पुढच्या रांगेतला एक पोट सुटलेला दलाल फिस्सकन हसला, त्याच्या मागे दुसरा, आणि सगळा जिना हसायला लागला. कारण प्रत्येकाला कळलं होतं. फोनचा पडदा पूर्ण पांढरा करायचा, उजेड वाढवायचा, आणि त्यावर पुडीतले हिरे पसरून रंग बघायचा. घाईत असलेल्या दलालाची ही चोरटी सवय. जुना माणूस तसं करत नाही. तो खिडकीत उत्तरेच्या उजेडात, पांढऱ्या कागदाच्या घडीत बघतो. फोनवर माल बघणं म्हणजे आपल्या डोळ्याची नजर गेल्याची कबुलीच.

“मस्करीत बोललो,” नागजीभाई म्हणाले. “मी तीस वर्षांचा दलाल. मी काचेवर माल टाकेन? हिऱ्याने काच चिरते हे मला माहीत नाही?”

“माहीत असणारच,” फोई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं असावं. “चला, ते सोडा. चार्जिंगचं बघू. काल मी सांगितलं होतं, वायर पूर्ण बसत नाहीये, भोक साफ करू द्या. तुम्ही म्हणालात, वेळ नाही.”

“म्हणालो होतो,” ते पुटपुटले.

“आता वेळ आहे?”

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना नाही म्हणायचं होतं, पण एवढ्या लोकांत नाही म्हणणं म्हणजे कबुलीच होती.

फोईने फोन बंद असल्याची खात्री केली. खाली पांढरा कागद पसरला, भोक खाली धरलं. टॉर्चचा उजेड एका बाजूने मारला. मग बांबूची चपटी काडी मधल्या जिभेला न लावता, कडेकडेने आत घातली आणि बाहेरच्या दिशेने ओढली. आत ढकलायचं नाही, हे ती सगळ्यांना सांगते. ढकललं की केक अजून घट्ट बसतो. पहिल्यांदा राखाडी कापसाचा पुंजका आला. दुसऱ्यांदा काळपट, तेलकट एक चकती, भोकाच्या तळाच्या आकाराची, जणू साच्यातून काढलेली. वायर का बसत नव्हती हे कोणालाही कळेल.

तिसऱ्यांदा काडी थांबली.

“काहीतरी अडलंय,” ती म्हणाली. तिने दुसरी, आणखी बारीक काडी घेतली. ती श्वास रोखून काम करत होती. कारखान्यात तिला मी लहानपणी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं होतं, तशीच खांदे खाली, मान स्थिर. काडी हळूच वळली. कागदावर टप् असा आवाजही झाला नाही, पण काहीतरी पडलं.

तेलकट, मळकट, मोहरीपेक्षाही लहान.

तिने ते कापडाच्या कोपऱ्यात घेतलं, स्पिरिटच्या थेंबात बुडवलं, चिमट्याने उचललं आणि उजेडात धरलं. ते लखलखलं.

“अरे!” अमरशीभाई म्हणाले.

फोईने भिंग डोळ्याला लावलं. तीन वर्षांनी ती हिरा बघत होती. मला वाटतं, तिने जरुरीपेक्षा जास्त वेळ बघितला.

“अर्धा सेंट,” ती म्हणाली. सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा हिस्सा. “जरा जास्तच. रंग चांगला. कडेला एक बारीक काळा ठिपका. घासणाऱ्याने तळाकडे घाई केलीय.”

नागजीभाई टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी चिमटा मागितला नाही. नुसतं बघितलं.

“हरखचंद शेठच्या पुडीतला,” ते म्हणाले, इतक्या हळू की मागच्यांनी विचारलं, काय म्हणाले, काय म्हणाले. “मागच्या महिन्यातला. पुडी परत केली तेव्हा एक नग कमी भरला. शेठ काही बोलले नाहीत. राहू दे म्हणाले. पण तेव्हापासून मला माल देताना दोनदा मोजतात. माझ्यासमोर. तीस वर्षांत माझ्यासमोर कोणी मोजलं नव्हतं.”

माल बघून झाला की ते फोन तिरका करून, खालच्या कडेने हिरे पुडीत ओतायचे. खालच्या कडेलाच ते भोक. हे कोणाला सांगावं लागलं नाही, बाजारातल्या माणसाला तो हात लगेच दिसतो. पोट सुटलेला दलालही हसला नाही आता. त्याने स्वतःचा फोन काढून भोकात डोकावून बघितलं हे मात्र मी पाहिलं.

“अमरशीभाई,” नागजीभाई म्हणाले, “माझी तक्रार मागे घेतो.”

“मागे घेऊ नका,” फोई म्हणाली.

सगळे चमकले. मी सुद्धा.

“सकाळी तुम्ही ओरडून बोललात. ॲसिड लावलं म्हणालात. ते जिन्यापासून रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आता हळू बोलून मागे घेताय, ते इथल्या आठ माणसांनी ऐकलं. तुमचं नाव शेठकडे एका हिऱ्यासाठी मोजलं गेलं, तुम्हाला महिनाभर झोप नाही. माझंही नावच आहे, भाई. दुसरं काय आहे या टेबलावर?”

मला क्षणभर भीती वाटली, की हा माणूस आता पुन्हा उसळणार. पण ते वळले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढले आणि सकाळच्याच आवाजात, सगळा बाजार जमवणाऱ्या आवाजात, म्हणाले:

“ऐका रे! लाभुबेनने काही बिघडवलेलं नाही. मी काचेवर माल बघायचो. ओरखडे माझ्या हिऱ्यांचे आहेत. आणि माझा हरवलेला नग हिने काढून दिला. झालं? ऐकलं?”

“ऐकलं, काका!” रस्त्यापलीकडच्या चहावाल्याने ओरडून सांगितलं. लोक परत हसले, पण हे हसणं वेगळं होतं.

फोईने कोरा कागद घेतला, पुडीची घडी घातली, पाच घड्या, दलालांसारखी, कुठेही हात न अडखळता. आत तो नग ठेवला. पुडी दोन्ही हातांनी नागजीभाईंना दिली.

“आणि फोनचं काय करायचं, बेन?”

“ओरखडे जाणार नाहीत,” ती म्हणाली. “ते काचेत आहेत. कोणी टूथपेस्टने घालवतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका, राहिलेलं पाणीही घालवेल. मी नवं पाणी चढवून देते. ते कारखान्यातल्याएवढं टिकणार नाही, काही महिने चालेल. चढवलं की उद्यापर्यंत हात लावायचा नाही, सुकू द्यायचं. म्हणजे फोन इथं ठेवावा लागेल.”

दलालाचा फोन म्हणजे त्याचं दुकान. सगळ्या शेठांचे नंबर, सगळे भाव, सगळी बोलणी त्यात. नागजीभाई कधी चहाच्या टपरीवरही फोन टेबलावर ठेवत नसत.

“ठेव,” ते म्हणाले. सिम कार्ड काढून घेतलं, फोन तिच्या पुढ्यात सरकवला, आणि पुडी वरच्या खिशात घालून, खिशावर हात ठेवून, जिना चढायला लागले. हरखचंद शेठचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ते जिन्याने गेले. कदाचित वर पोचेपर्यंत बोलायचं जुळवायचं असेल.

अमरशीभाई अजून तिथंच होते. “लाभुबेन, चारच्या बैठकीची गरज नाही.”

“आहे,” फोई म्हणाली. “चार वाजता बैठक घ्या आणि या जागेचं कागदावर लिहून द्या. तोंडी परवानगी एका ओरड्याने हलते, आज बघितलंत.”

त्यांनी हात जोडले. कागद त्याच संध्याकाळी आला, मंडळाच्या शिक्क्यासह. तो तिने कुठे लावला नाही, खणात भिंगाखाली ठेवलाय.

मी तिला विचारलं, “तुला आधीच कळलं होतं? काल पुसताना?”

“गोल दिसलं तेव्हाच.”

“मग काल का नाही बोललीस?”

“त्याच्या तोंडावर काय सांगू? तुमची नजर गेली म्हणून?” तिने नागजीभाईंच्या काचेवर हवा मारली, कापडाची नवी घडी वर काढली. “माणसाचं पाणी आपण होऊन उतरवायचं नसतं. त्याने उतरवायला लावलं, तर गोष्ट वेगळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात फोन घेऊन आली. तिने काचेच्या मधोमध, त्या गोलात, एक थेंब टाकला. ओरखड्यांचं धुकं तसंच होतं. पण थेंब मण्यासारखा उभा राहिला. तिने फोन जरासा तिरका केला, थेंब घरंगळत खाली आला आणि कडेला पोचायच्या आत तिने तो कापडाने टिपला.

“भोकात जायला नको,” ती म्हणाली.